दूध की पाणी?

व्हॉट्सॲपवर माझे दोन रिप्लाय अजूनही आहेत. डिलीट केलेले नाहीत, मुद्दाम ठेवलेत. पहिला रविवारी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांचा: ‘हो रे, माकडशिंगच! मज्जा आहे बाबा तुझी.’ पुढे एक अंगठा. दुसरा त्याच दिवशी ११ वाजून १० मिनिटांचा: ‘थोडा लाल दिसतोय. होईल कमी, टेन्शन नको.’ पुढे पुन्हा अंगठा.

दोन्ही रिप्लाय साफ चुकीचे होते.

तर झालं असं. माझा धाकटा मामेभाऊ, घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात, सांगलीत एका बँकेत नोकरीला आहे. आठवडाभर एसी आणि टार्गेट, शनिवारी रात्री गाडी काढून गावाकडे. आमचं आजोळ जत तालुक्यात. पाऊस कमी, माळ जास्त, बांधाला निवडुंगाचं कुंपण. त्या सकाळी तो माळावर फिरायला गेला आणि त्याला आठवलं की लहानपणी आज्जी माकडशिंग आणायची. माकडशिंग म्हणजे पान नाही, काटा नाही, बोटाएवढ्या जाडीची चौकोनी हिरवी कांडी. गुराखी पोरं ती तशीच कच्ची खातात, तिची भाजीही होते. तर बारक्याला बांधावर एक कोवळा, कंगोरे असलेला हिरवा कोंब दिसला. त्याने फोटो काढला आणि मला पाठवला. मला का? कारण वर्षापूर्वी मी बाल्कनीतल्या झाडांवर चार लेख लिहिले होते. तेव्हापासून मी खानदानाची ऑफिशियल झाडवाली! मास कॉमची डिग्री, बॉटनी बारावीपर्यंत, पण फॉरवर्डेड फोटोंवर निकाल देण्यात मी एक्स्पर्ट.

मी त्या वेळी साताऱ्यात आईच्या हातचे पोहे खात होते. फोटो तीन सेकंद बघितला. हिरवं, कंगोरेवालं, पानं नाहीत. माकडशिंगच. अंगठा.

बारक्याने कोंब मोडला. पांढरंशुभ्र दूध भळभळा बाहेर आलं, ते बोटांना लागलं. ऊन वाढलेलं, कपाळाचा घाम डोळ्यात उतरला आणि त्याने त्याच हाताने डोळा पुसला. थोडं चुरचुरलं. जवळच्या बाटलीतलं पाणी त्याने दोनदा डोळ्यावर मारलं आणि सेल्फी काढून मला पाठवली. मी पुन्हा तीन सेकंद बघितलं. अंगठा क्रमांक दोन.

दुपारी जेवून तो झोपला. पाच वाजता उठला तो ओरडतच. डोळा उघडेना, उजेड सोसेना, पाणी थांबेना. मामीचा फोन आला, ‘अगं, तू तर म्हणालीस काही नाही म्हणून!’ हे वाक्य मी कधी विसरेन असं वाटत नाही.

रात्री ते सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘झाडाची फांदी आणलीय का?’ फांदी नव्हती. फोटो होता. डॉक्टरांनी तो झूम केला आणि म्हणाले, ‘तीनधारी निवडुंग. युफोर्बिया.’ मग डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात तपासणी केली. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा, त्याच्या वरच्या थराची साल गेलेली होती. तेवढा भाग त्या उजेडात हिरवा चमकत होता. आतही सूज होती. डोळ्याचा दाब मोजला. अँटिबायोटिक, बाहुली मोठी करणारे थेंब आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. स्टेरॉइडचे थेंब नंतर सुरू झाले, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. बारावा दिवस उजाडला तेव्हा बारक्याला बँकेच्या स्क्रीनवरचे आकडे पूर्वीसारखे दिसायला लागले. नशीब! हे माझं कर्तृत्व नाही, डॉक्टरांचं आणि वेळेचं.

पुढच्या शनिवारी मी तो पहिला फोटो घेऊन साताऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या सरांकडे गेले. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला आणि विचारलं, ‘या फोटोत तू काय बघितलंस?’

‘हिरवं, कंगोरे, पानं नाहीत.’

‘म्हणजे सगळं तेच बघितलंस जे दोघांत सारखं आहे,’ सर म्हणाले. ‘वेगळं काय ते बघायचं असतं.’

मग पुढचा तासभर आमची त्या एका फोटोवर शिकवणी झाली. त्यातलं जे डोक्यात बसलं ते तुम्हालाही सांगते.

पहिलं, कंगोऱ्याची धार बघायची. फोटो मोठा केल्यावर धारेवर ठरावीक अंतराने बारीक काट्यांच्या जोड्या दिसत होत्या. दोन-दोन, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. युफोर्बियाच्या काटेरी निवडुंगांत काटे असे जोडीने येतात. माकडशिंगाच्या धारेवर बारीक दातरे असतात, पण ते मऊ, टोचत नाहीत, आणि जोडी नसते. खरा कॅक्टस, म्हणजे आपला फड्या निवडुंग, त्याचे काटे एका ठिपक्यातून झुबक्याने निघतात आणि त्या ठिपक्याला बारीक केसांची गादी असते. मराठीत आपण या सगळ्यांना सरसकट निवडुंग म्हणतो, तिथेच घोळ होतो. फड्याच्या रसात दूध नसतं. तीनधारीच्या रसात असतं. दोघांचं नाव एक, खानदान वेगळं.

दुसरं, आकार. बारक्याच्या फोटोत कोंबाशेजारी काहीच नव्हतं, ना बोट, ना नाणं. माकडशिंग गवतात, झुडपांच्या आडोशाला उगवतं आणि फार तर पोटरीपर्यंत येतं. शेंड्याकडे कांडी निमुळती होत जाते. तीनधारी माणसापेक्षा उंच वाढतो आणि बुडाशी त्याचं खोड लाकडासारखं होतं. बारक्याने फक्त शेंडा टिपला होता. सर म्हणाले, ‘हत्तीची शेपूट बघून तू उंदीर म्हणालीस.’ मी गप्प.

तिसरं, फूल. फूल असेल तर वादच मिटतो. माकडशिंगाला पाच पाकळ्यांचं चांदणीसारखं, जांभळट-तपकिरी फूल येतं आणि नंतर रुईसारख्या, पण सडपातळ शेंगा धरतात. त्यांत रेशमी शेपटीच्या बिया असतात. युफोर्बियाच्या फुलाला पाकळ्याच नसतात. धारेवर बारीक पिवळसर वाट्या दिसतात आणि फळ तीन फोडी एकत्र चिकटवल्यासारखं असतं. साताऱ्याजवळ सज्जनगडाच्या कड्यावर माकडशिंगाच्याच नात्यातली एक दुर्मिळ वनस्पती आहे, शिंदळमाकुडी. तिचं गुबगुबीत खोड आणि शेंड्याकडची पानं बघून कुणालाही निवडुंगाचं पिल्लू वाटेल, पण फूल उमललं की पिवळ्या ठिपक्यांची तांबडी चांदणी! सरांनी तिथेच दम दिला, ‘आणि ती ओळखायला कुणी मोडून बघायची नाही. महाराष्ट्राबाहेर ती कुठे उगवत नाही.’ पाचगणीच्या पठारावरून नाव मिळालेली युफोर्बियाची एक जातही अशीच मोजक्या जागी उगवते. गडावर आणि पठारावर कॅमेरा पुरेसा आहे, हात नको.

चौथं, दूध. ही खूण सगळ्यांत सोपी, आणि फसवीही तीच. बांधावरच्या साध्या झाडाचं टोक काडीने खुडलं आणि काही सेकंदांत पांढरा थेंब फुगून आला, तर ते माकडशिंग नव्हे, एवढं नक्की. माकडशिंगाचा रस पाण्यासारखा असतो. पण फोटोत दूध दिसत नाही म्हणून झाड सुरक्षित, असं उलटं म्हणता येत नाही. मोडून वेळ झाली असेल तर दूध वाळून चिकटतं, आणि कडक उन्हाळ्यात ते मुळातच कमी येतं. दुसरी गंमत म्हणजे दूध असलं म्हणजे युफोर्बियाच, असंही नाही. चाफा, चिकू, वड, पपई, करवंद, सगळ्यांना चीक असतो. म्हणजे दूध झाडाचं नाव सांगत नाही. ते एवढंच सांगतं, ‘सांभाळून.’

इथवर झाडाचं झालं. पण खरं सांगू? मला जास्त खात होता तो दुसरा अंगठा. झाड ओळखताना चुकले, ठीक आहे. डोळ्याचा फोटो बघून ‘होईल कमी’ म्हणाले, त्याचं काय?

बारक्याच्या तिसऱ्या तपासणीला मी मुद्दाम बरोबर गेले आणि डॉक्टरांना तेच विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. निवडुंगाच्या दुधातली विषारी द्रव्यं ॲसिडसारखी लागल्या क्षणी जाळत नाहीत. ती शरीरालाच आग पेटवायला लावतात. सूज चढते ती तासातासाने. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात थोडी चुरचुर, मग जरा बरं वाटतं, आणि सहा-आठ तासांनी खरा तमाशा सुरू होतो. लगेच डोळा धुतलेल्या माणसांतही त्रास नंतर वाढलेला आहे. बारक्याने सेल्फी काढली ती पहिल्या अर्ध्या तासात. त्यावरून मी संध्याकाळचा अंदाज बांधला. म्हणजे पहिल्या ओव्हरनंतर मॅचचा निकाल!

आणि डोळा लाल किती, यावरून आतलं नुकसान कळत नाही. कॉर्नियाची साल गेली आहे का, हे त्या रंगाच्या थेंबाशिवाय आणि निळ्या उजेडाशिवाय दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा असो, तो पांढऱ्या भागाची लाली दाखवतो. धोका असतो पारदर्शक भागाला.

डॉक्टरांनी रुईचं उदाहरण दिलं तेव्हा तर मी हबकलेच. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो ना आपण? पान खुडलं की देठातून दूध येतं. तेच बोट डोळ्याला लागलं तर कित्येकदा दुखतच नाही. माणसाला फक्त धुकं दिसायला लागतं, दिव्याभोवती कडं दिसतं. कारण ते दूध कॉर्नियाच्या सगळ्यांत आतल्या पेशींना इजा करतं, त्या पेशी पुन्हा नव्याने तयार होत नाहीत, आणि वर दुखण्याची जाणीव बोथट होते. म्हणजे ‘फार दुखत नाहीये’ हाही निकष बाद.

मग फोटोवरून काय ठरवायचं? डोळ्याच्या बाबतीत काहीच नाही. फोटो पाठवण्याआधी नळाखाली जायचं. वाहत्या स्वच्छ पाण्याने सलग पंधरा-वीस मिनिटं, पापण्या उघड्या धरून, डोळा धुवायचा. आधी हात साबणाने, नाहीतर बोटांवरचं दूध पुन्हा डोळ्यात जातं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढायची आणि पुन्हा वापरायची नाही. चोळायचं नाही. गुलाबपाणी, तूप, मध, घरातल्या कपाटात उरलेला कुठलाही ड्रॉप, काहीही टाकायचं नाही. मग त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, बरं वाटत असलं तरी. फोटो काढायचाच तर झाडाचा काढा, किंवा फांदी पिशवीत गुंडाळून न्या.

त्वचेचं थोडं वेगळं आहे. तिथे फोटोचा उपयोग होतो, पण दोन प्रश्नांसकट: दूध लागून किती तास झाले, आणि हा फोटो कुठल्या उजेडात काढला? तासाभरापूर्वीचा तळहात साधाच दिसेल. फोड यायला दुसरा दिवस उजाडू शकतो. पिवळ्या बल्बखाली लाली गायब होते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर ती लाल न दिसता काळपट-जांभळी दिसते. म्हणून खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, शेजारी दुसरा चांगला हात ठेवून फोटो काढायचा. फरक तेव्हाच कळतो. मग चार-सहा तासांनी त्याच जागी पुन्हा. दूध चिकट असतं, नुसत्या पाण्याने जात नाही, साबण लागतो. फोड आले, पापणी किंवा ओठ सुजले, किंवा डाग पसरत चालला, तर फोटोफोटो खेळत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही कुठे जतच्या माळावर फिरतोय! बॉस, तुमच्या ऑफिसच्या टेबलावर एक नजर टाका. ‘पेन्सिल कॅक्टस’ नावाने हल्ली नर्सरीत जे मिळतं, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या गोल हिरव्या काड्या, टोकाला केशरी झाक असलेली तर ‘फायर स्टिक’ म्हणून आणखी महाग, तो कॅक्टस नाहीच. तो आपला शेर आहे. सांगली-साताऱ्याकडच्या शेतांच्या कुंपणाला लावतात तोच. गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून लावतात! काटे नाहीत, त्यामुळे तो गरीब वाटतो, आणि काट्यांच्या जोडीची खूणही इथे चालत नाही. मोडला की दूध. मी माझ्याच टेबलावरचा एक ओळखला, दोन वर्षं उगाच कुरवाळत होते. फेकला नाही. उंच शेल्फवर ठेवला, आणि छाटायचा झाला तर हातमोजे आणि चष्मा. भाचरं येतात तेव्हा तो बाल्कनीच्या दाराबाहेर.

परवा आजोळी गेले होते. बारक्याचा डोळा आता ठणठणीत आहे, फक्त तो मला झाडांचे फोटो पाठवत नाही, हवामानाचे पाठवतो. आज्जी ओट्यावर बसली होती. मी तिला सगळं ऐकवलं: काट्यांच्या जोड्या, फुलं, तास, उजेड. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘आम्ही खुडायच्या आधी नखानं टोकरून बघायचो,’ ती म्हणाली. ‘दूध आलं की सोडून द्यायचं, आन् हात मातीत पुसून धुवायचं. पाणी आलं तर मग खायचं.’

‘मग बारक्याला सांगितलं का नाहीस?’

‘मी हुते की घरात,’ आज्जी म्हणाली. ‘त्यानं मला कुठं इचारलं? त्यानं फोन काढला.’

परवाच एका मैत्रिणीचा मेसेज आला. एका झाडाचा फोटो, खाली प्रश्न, ‘हे सेफ आहे ना गं?’ बोट सवयीने अंगठ्याकडे गेलं होतं. मी लिहिलं, ‘धारेचा क्लोजअप पाठव, शेजारी नाणं ठेव, मोडू नकोस. आणि मोडलंच असशील, तर आधी हात धू.’